निमंत्रणात पायऱ्या, बसण्याची जागा आणि स्वच्छतागृह: ज्येष्ठ व व्हीलचेअर वापरणाऱ्या पाहुण्यांसाठी काय लिहावे?

लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्त असतो, कार्यालयाचा पत्ता असतो, भोजनाची वेळ असते आणि तळाशी बहुधा ‘कृपया आहेर आणू नये’ अशी टीपही असते. दाराशी किती पायऱ्या आहेत, जेवण कोणत्या मजल्यावर आहे आणि कमोडचे स्वच्छतागृह आहे का, हे मात्र क्वचितच लिहिलेले असते. गुडघे दुखणाऱ्या आजींना, वॉकर घेऊन चालणाऱ्या काकांना किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या मैत्रिणीला यायचे की नाही हे ठरवायला नेमकी हीच माहिती लागते.

ती न मिळाल्यास काय होते, हे यजमानांना बहुतेक वेळा कळतही नाही. पाहुणे ‘तब्येत बरी नाही’ असे सांगून येणे टाळतात. काही जण येतात, पण स्वच्छतागृहाच्या धास्तीने सकाळपासून पाणी पीत नाहीत किंवा लघवी वाढवणारी गोळी त्या दिवसापुरती परस्पर बंद ठेवतात. लग्न, मुंज, साठीशांत किंवा सहस्रचंद्रदर्शन अशा कोणत्याही समारंभाच्या निमंत्रणात ही माहिती कशी द्यावी आणि त्याआधी ती कशी गोळा करावी, याचा हा आढावा.

‘सोय आहे’ एवढे लिहून का भागत नाही?

‘ज्येष्ठांसाठी व दिव्यांगांसाठी सोय आहे’ हे वाक्य वाचणाऱ्याला जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण प्रत्येकाची गरज वेगळी असते. काठी घेऊन चालणाऱ्या व्यक्तीला कठडा असेल तर चार पायऱ्या चढता येतात, पण लांबलचक उतार तिला जास्त जड जातो. व्हीलचेअरसाठी याच्या उलट असते. तिला उतार चालतो, पण एक पायरीही अडवते. गुडघा बदललेल्या व्यक्तीला पायऱ्यांपेक्षा बुटका सोफा त्रासदायक ठरतो. त्यामुळे ‘सोय आहे की नाही’ याचा निर्णय यजमान घेऊ शकत नाही. तो पाहुण्याने घ्यायचा असतो. यजमानाने त्याला त्यासाठी आकडे पुरवायचे असतात.

दुसरी अडचण अशी की कार्यालयाचा मॅनेजर फोनवर ‘हो, रॅम्प आहे, लिफ्ट आहे, कमोड आहे’ असे सांगतो आणि ते खोटेही नसते. पण तो रॅम्प दुचाकी चढवण्यासाठी केलेला असू शकतो. लिफ्ट वीज गेल्यावर बंद पडणारी असू शकते. कमोड वरच्या मजल्यावरच्या वधूपक्षाच्या खोलीत असू शकतो आणि दागिने व आहेर ठेवल्यामुळे त्या खोलीला दिवसभर कुलूप असू शकते. म्हणून निमंत्रणाचा मजकूर लिहिण्यापूर्वी एकदा मोजपट्टी घेऊन कार्यालयात जाणे आवश्यक ठरते.

पहिली गोष्ट: गाडीपासून आसनापर्यंतची वाट

पाहणी दारापासून नव्हे, तर पाहुणा गाडीतून किंवा रिक्षातून उतरतो तिथून सुरू करावी. रिक्षा दारापर्यंत येते का, की फाटकाशीच थांबते? तिथून दारापर्यंत फरशी आहे, पेव्हर ब्लॉक आहेत, खडी आहे की लॉन? हिरवळीत आणि खडीत व्हीलचेअरची पुढची लहान चाके रुततात. हिरवळीवर जाड गालिचा अंथरला तरी तो खाली दबतो आणि खुर्ची ढकलणे अवघडच राहते. लॉनवरच्या स्वागतसमारंभात ही अडचण हमखास येते.

त्यानंतर पायऱ्या मोजाव्यात. एकूण किती, प्रत्येकीची उंची अंदाजे किती आणि कठडा कोणत्या बाजूला आहे, एवढे पुरते. साधारण १५ सेंटिमीटर उंचीची पायरी बऱ्याच ज्येष्ठांना झेपते. जुन्या इमारतींत पायरी २० सेंटिमीटरपर्यंतही असते आणि तिथे फरक जाणवतो. सभागृहाच्या आत एखादी एकटीच पायरी असेल तर तीही मोजावी. स्टेजजवळ, जेवणाच्या दालनात शिरताना आणि स्वच्छतागृहाच्या दारात अशा पायऱ्या लपलेल्या असतात.

रॅम्प असेल तर त्याचा उतार पाहावा. रॅम्पसाठी सर्वसाधारणपणे १:१२ हे कमाल प्रमाण मानले जाते. म्हणजे १ फूट वर चढायचे असेल तर रॅम्प १२ फूट लांब हवा. कोनात हा उतार सुमारे ५ अंश भरतो. मोबाइलमधील लेव्हल मोजणारे अॅप रॅम्पवर ठेवल्यास हा आकडा लगेच दिसतो. ७ अंशांच्या आसपास उतार असेल तर खुर्ची ढकलणाऱ्याला चांगलाच जोर लावावा लागतो. १० अंशांच्या पुढे तो रॅम्प व्हीलचेअरसाठी धोक्याचा समजावा, कारण चढताना खुर्ची मागे कलंडू शकते आणि उतरताना हातातून सुटू शकते. असा रॅम्प असेल तर निमंत्रणात ‘रॅम्प आहे’ असे लिहू नये. ‘रॅम्प तीव्र उताराचा आहे’ असे लिहावे.

रॅम्प चांगला असूनही त्या दिवशी तो मोकळा नसतो, ही आणखी एक नेहमीची गोष्ट. मागच्या दाराचा रॅम्प बहुतेक कार्यालयांत स्वयंपाकघराकडे जातो. समारंभाच्या दिवशी त्यावर गॅसच्या टाक्या, भांड्यांचे ढीग आणि पाण्याचे जार असतात. रॅम्प रिकामा ठेवायला आचाऱ्याला आधीच सांगावे लागते. मांडववाल्यालाही सांगावे, कारण स्वागताची कमान आणि फुलांची सजावट कधी कधी नेमकी रॅम्पच्या तोंडाशी उभी राहते.

लिफ्टबाबत तीन प्रश्न विचारावेत. दाराची मोकळी रुंदी किती, आतली खोली किती आणि वीज गेल्यावर जनरेटरवर लिफ्ट चालते का? साधी हाताने ढकलायची व्हीलचेअर सुमारे ६० ते ७० सेंटिमीटर रुंद असते आणि पाय ठेवण्याच्या पट्ट्या धरून साधारण ११० सेंटिमीटर लांब. लिफ्ट याहून लहान असेल तर खुर्ची आत जात नाही, किंवा जाते पण दार लागत नाही.

कायद्याचाही इथे संबंध येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत लोकांच्या वापरात असलेल्या खासगी इमारतीही येतात. केंद्र सरकारची सार्वत्रिक सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे २०२१ मध्ये नव्याने आली. त्यांत दारे, रॅम्प आणि स्वच्छतागृहे यांची मापे दिलेली आहेत. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर असावी, हे त्यांतलेच एक माप. पण अनेक कार्यालये कित्येक दशकांपूर्वीची आहेत, त्यामुळे कागदावरचे माप तिथे मिळेलच असे नाही. निमंत्रणात प्रत्यक्ष मोजलेले मापच द्यावे.

‘आम्ही उचलून नेऊ’

पायऱ्यांचा विषय निघाला की घरातली तरुण मंडळी उत्साहाने म्हणतात, ‘काळजी नको, चौघे मिळून खुर्ची उचलू.’ यात धोका आहे. व्हीलचेअरचे हात आणि पायपट्ट्या बऱ्याचदा काढता-घालता येतात. तिथे धरून उचलले तर तो भाग हातात येतो आणि खुर्ची तिरकी होते. बॅटरीवर चालणारी खुर्ची तर माणसासह उचलण्याच्या वजनाचीच नसते. शिवाय भर मांडवात सगळ्यांसमोर उचलून नेले जाणे अनेकांना नको असते आणि त्यामुळेच ते येत नाहीत.

म्हणून निमंत्रणात ‘मदतीसाठी माणसे असतील’ हे वाक्य पायऱ्यांच्या आकड्याऐवजी लिहू नये. आधी पायऱ्या किती ते सांगावे, मग कोणती मदत मिळू शकते ते. उचलायचे की नाही हे ज्याला उचलायचे त्यानेच ठरवावे आणि खुर्ची कुठे धरायची हेही त्यालाच विचारावे.

दुसरी गोष्ट: बसण्याची जागा

मराठी समारंभांत वडीलधाऱ्यांना मानाने पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसवतात. हेतू चांगला असतो, पण हे सोफे बुटके आणि मऊ असतात. माणूस त्यात खोल रुततो आणि गुडघे कमरेपेक्षा वर जातात. मग उठताना दोघांनी हात धरून ओढावे लागते. मागच्या रांगांतल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांना अनेकदा हात नसतात आणि कापडी आवरण घातले की त्या गुळगुळीत फरशीवर सरकतात. उठता-बसता येण्यासाठी बैठक सुमारे ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच, घट्ट आणि दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची बरी पडते. अशा दहा-बारा खुर्च्या मांडववाल्याकडे मागितल्या तर मिळतात, पण आधी मागाव्या लागतात.

व्हीलचेअर वापरणाऱ्या पाहुण्याला खुर्ची नको असते, मोकळी जागा हवी असते. रांगेच्या कडेच्या दोन खुर्च्या काढल्या की साधारण ९० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर खोल जागा मिळते. तेवढी एका व्हीलचेअरला पुरते. तिच्या शेजारची खुर्ची मात्र ठेवावी, म्हणजे सोबतच्या माणसाला बाजूलाच बसता येते. नाहीतर व्हीलचेअर वाटेत आणि घरचे दुसऱ्या टोकाला, असे होते.

ही जागा कुठे असावी, हे ठरवताना मंगलाष्टकांची वेळ डोळ्यांसमोर आणावी. अंतरपाट धरला की सगळे सभागृह उभे राहते आणि पुढे सरकते. बसलेल्या माणसाला तेव्हा समोर फक्त पाठी दिसतात. म्हणून ही जागा पहिल्या रांगेच्या कडेला, स्टेजकडे थोडी तिरकी ठेवावी आणि तिच्यासमोर कोणी उभे राहणार नाही हे पाहायला एखाद्या घरच्या माणसाला सांगावे. अक्षता पडल्यावर तांदळाचे दाणे आणि फुलांच्या पाकळ्यांमुळे गुळगुळीत फरशी निसरडी होते. काठी आणि वॉकर तिथे घसरतात. कडेची वाट लगेच झाडून घेतली तर हा धोका टळतो.

भोजनाची बैठकही बसण्याच्या जागेतच मोडते. पंगत जमिनीवर असेल, बुफेत उभ्याने जेवायचे असेल किंवा टेबल-खुर्चीची पंगत असेल, तर तसे लिहावे. व्हीलचेअर टेबलाखाली जाण्यासाठी खाली गुडघ्यांना सुमारे ७० सेंटिमीटर मोकळी उंची लागते. पंगतीच्या अरुंद बाकासारख्या टेबलांखाली आडवी पट्टी असेल तर गुडघे त्याच पट्टीला अडतात.

स्टेजच्या चार-पाच पायऱ्या हा शेवटचा अडथळा. त्यावर उपाय सोपा आहे. वधूवरांनी ठरलेल्या वेळी खाली येऊन या पाहुण्यांना भेटावे आणि फोटोग्राफरने तिथेच फोटो काढावा. हे निमंत्रणात आधी लिहिले असेल तर आजी-आजोबांना रांगेत ताटकळत उभे राहावे लागत नाही.

तिसरी गोष्ट: स्वच्छतागृह

या तिन्हींपैकी सर्वांत कमी बोलली जाणारी आणि बहुतेकदा निर्णायक ठरणारी गोष्ट हीच. ज्येष्ठांसाठी पहिला प्रश्न कमोड आहे का, हा असतो. कारण भारतीय पद्धतीच्या शौचालयात खाली बसले तर उठता येत नाही. दुसरा प्रश्न तो कोणत्या मजल्यावर आहे आणि सभागृहापासून किती लांब आहे, हा. ‘कमोड आहे, पण वर’ आणि ‘कमोड आहे, सभागृहाला लागून’ यांत पाहुण्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर असते.

व्हीलचेअरसाठी दाराची मोकळी रुंदी मोजावी लागते. मोजताना दार पूर्ण उघडून, दाराची फळी आणि समोरची चौकट यांमधले अंतर घ्यावे. फक्त चौकट मोजली तर माप तीन-चार सेंटिमीटरने जास्त येते आणि खुर्ची नेमकी तेवढ्यासाठीच अडते. कार्यालयांतील स्वच्छतागृहांची दारे बऱ्याचदा ६० ते ६५ सेंटिमीटरचीच असतात. उंबरा असल्यास त्याची उंचीही टिपावी.

खुर्ची आत गेल्यावर दार लागते का, हे त्यानंतर पाहावे. आत उघडणारे दार खुर्चीला अडते आणि मग दार उघडे ठेवण्याची वेळ येते. बाहेर उघडणारे दार असेल तर हा प्रश्न येत नाही.

शेवटी कमोडशेजारी आधाराची दांडी आहे का आणि कोणत्या बाजूला, हे लिहावे. अर्धांगवायू होऊन गेलेल्या व्यक्तीची एकच बाजू काम करते, त्यामुळे दांडी ‘कमोडवर बसल्यावर उजव्या हाताला’ आहे की डाव्या, याला महत्त्व असते. काही जण क्षणभर उभे राहून खुर्चीवरून कमोडवर बसू शकतात. त्यांना कमोडसमोर जागा असली तरी चालते. काहींना खुर्ची कमोडला समांतर लावून बाजूने सरकावे लागते. त्यांना शेजारी सुमारे ९० सेंटिमीटर मोकळी जागा हवी. कोण कसे करते हे विचारण्याची गरज नसते. माप लिहिले की ज्याचे त्याला कळते.

टॉवेल अडकवण्याची दांडी ही आधाराची दांडी नव्हे. ती भिंतीत दोन लहान स्क्रूवर बसवलेली असते आणि भार पडताच निखळते. मॅनेजर ‘दांडी आहे’ म्हणाला तर ती हाताने जोर लावून पाहावी.

एक उदाहरण: पाहणीपासून मजकुरापर्यंत

हे सगळे प्रत्यक्षात कसे जुळते, ते एका कल्पित पण नेहमीच्या वाटणाऱ्या कार्यालयावरून पाहू. लग्न दुपारी साडेबाराचे आहे. पाहुण्यांत वॉकर घेऊन चालणाऱ्या वधूच्या आजी आहेत, ६६ सेंटिमीटर रुंदीची व्हीलचेअर वापरणारे वराचे काका आहेत आणि बॅटरीच्या व्हीलचेअरवर येणारी वधूची मैत्रीण आहे. वधूचे मामा पत्रिका छापण्याआधी मोजपट्टी घेऊन कार्यालयात जातात.

मुख्य दाराशी १६ सेंटिमीटरच्या ६ पायऱ्या आहेत, म्हणजे एकूण चढ ९६ सेंटिमीटर. बाजूला रॅम्प आहे, पण त्याची लांबी ५ मीटरच आहे. १:१२ च्या हिशेबाने तो साडेअकरा मीटर हवा होता. मोबाइल ठेवल्यावर उतार ११ अंश भरतो. दुचाक्यांसाठी ठीक, व्हीलचेअरसाठी नाही. मामा इमारतीला वळसा घालतात. पूर्वेकडच्या लहान फाटकाशी जमीन उंच आहे आणि तिथल्या दाराला १२ सेंटिमीटरची एकच पायरी आहे. तिथे दीड मीटर लांबीची भक्कम फळी बसवली की उतार १:१२ च्या आतच येतो. मांडववाला ती फळी कडांना पट्ट्या मारून, न सरकणारी बसवून द्यायला तयार होतो. गाडीही या दारापर्यंत येते.

जेवण पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्टचे दार ८० सेंटिमीटर आणि आतली खोली १२० सेंटिमीटर. काकांची खुर्ची सहज मावते. मैत्रिणीला मामा तिच्या खुर्चीची मापे फोनवर विचारून घेतात, तीही मावते. पण वीज गेली तर लिफ्ट बंद पडते, कारण जनरेटरवर फक्त दिवे आणि पंखे आहेत. बॅटरीची खुर्ची वर अडकली तर ती जिन्याने खाली आणता येणार नाही. म्हणून सभागृहाच्या एका कोपऱ्यात खालीच दोन टेबले मांडायचे ठरते. तिथे सोबतच्या घरच्या माणसांचीही पाने मांडली जातील, म्हणजे कोणाला एकट्याने जेवावे लागणार नाही.

तळमजल्यावरची सामाईक शौचालये भारतीय पद्धतीची आहेत. ऑफिसमागे एक कमोड आहे, पण दार ६२ सेंटिमीटरचे, म्हणजे काकांची खुर्ची ४ सेंटिमीटरने अडते. सभागृहाला लागून असलेल्या वरपक्षाच्या खोलीत मात्र कमोड आहे. दार मोकळे ७६ सेंटिमीटर, बाहेर उघडणारे, उंबरा ४ सेंटिमीटर, आधाराची दांडी नाही, कमोडशेजारी एका बाजूला ५० सेंटिमीटरच जागा. मामा वरपक्षाशी बोलतात. दागिने आणि सामान वरच्या खोलीत ठेवायचे आणि ही खोली दिवसभर उघडी ठेवायची, असे ठरते. उंबऱ्यापाशी लाकडाची उतरती पट्टी बसवली जाते. सर्जिकल साहित्याच्या दुकानातून हात असलेले, कमोडवर ठेवायचे स्टँड भाड्याने आणले जाते, त्यामुळे आजींना दोन्ही बाजूंना आधार मिळतो. बाजूने सरकणाऱ्यांसाठी जागा अपुरी आहे आणि ती वाढवता येत नाही. ते तसेच लिहायचे.

छापील पत्रिकेत जागा कमी असते, म्हणून तिथे चारच ओळी जातात:

> ज्येष्ठ व व्हीलचेअर वापरणाऱ्या पाहुण्यांसाठी: मुख्य दाराला ६ पायऱ्या आहेत. पूर्वेकडील लहान फाटकाने आल्यास पायऱ्या नाहीत, गाडी दारापर्यंत येते. कमोडचे स्वच्छतागृह तळमजल्यावर, सभागृहाला लागून. भोजन पहिल्या मजल्यावर (लिफ्ट आहे), हवे त्यांच्यासाठी तळमजल्यावरही. अधिक माहितीसाठी: (एका व्यक्तीचे नाव व मोबाइल)

व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या निमंत्रणासोबत सविस्तर मजकूर जातो:

> येण्याची वाट: पूर्वेकडील फाटकातून फरशीची वाट, एका पायरीवर फळीचा रॅम्प (उतार १:१२). मुख्य दाराशेजारचा रॅम्प तीव्र उताराचा आहे, तो व्हीलचेअरसाठी वापरू नये.
> बसणे: पहिल्या रांगेच्या उजव्या कडेला व्हीलचेअरसाठी ३ जागा, शेजारी सोबतच्यांसाठी खुर्च्या. हात असलेल्या उंच खुर्च्या १२.
> स्टेज: ४ पायऱ्या. वधूवर दुपारी १ वाजता खाली येऊन भेटतील.
> भोजन: टेबल-खुर्चीची पंगत. लिफ्टचे दार ८० सेंमी, खोली १२० सेंमी. वीज गेल्यास लिफ्ट चालत नाही. तळमजल्यावरही पंगत आहे.
> स्वच्छतागृह: कमोड, दार ७६ सेंमी, बाहेर उघडते. उंबऱ्याला उतरती पट्टी. कमोडला हात असलेले स्टँड. कमोडशेजारी मोकळी जागा ५० सेंमी.

या मजकुरात ‘वीज गेल्यास लिफ्ट चालत नाही’ आणि ‘मोकळी जागा ५० सेंमी’ ही दोन वाक्ये यजमानाला कमीपणा आणणारी वाटू शकतात. पाहुण्याच्या उपयोगाची मात्र तीच सर्वांत जास्त आहेत. ती वाचून मैत्रीण खालीच जेवायचे ठरवते. बाजूने सरकणारे कोणी असेल तर ते मुहूर्तापुरते येऊन निघायचे ठरवू शकते. नकार आलाच तरी तो माहिती घेऊन आलेला असतो.

विचारावे कसे आणि केव्हा?

मजकुरात एकच संपर्क द्यावा आणि ती व्यक्ती प्रत्यक्ष पाहणी केलेली असावी. वधूपिता किंवा वरपिता यांचे नाव देऊ नये, कारण त्या दिवशी त्यांना फोन घ्यायला सवड नसते. ‘अपंग असल्यास कळवावे’ असे लिहिल्यास लोक कळवत नाहीत. ‘बसण्यासाठी, चालण्यासाठी किंवा जेवणासाठी काही विशेष हवे असल्यास अमुक तारखेपर्यंत सांगावे’ असे लिहिले की मधुमेह असलेले, गुडघेदुखीचे आणि व्हीलचेअर वापरणारे सगळेच त्यात येतात. ही तारीख समारंभाच्या आठ-दहा दिवस आधीची ठेवली तर मांडववाला, आचारी आणि कार्यालय यांना बदल सांगता येतात.

बरेच ज्येष्ठ व्हॉट्सअॅपवरचा लांब मजकूर वाचत नाहीत. अक्षत घेऊन घरी आमंत्रणाला जाताना पायऱ्या आणि कमोड यांची माहिती तोंडीही सांगावी. सून किंवा मुलगा सोबत येणार असेल तर त्यांनाही सांगावी, कारण वाट दाखवण्याचे काम त्यांच्याकडे असते. छापील टीप बारीक अक्षरांत असेल तर ज्यांच्यासाठी ती आहे त्यांनाच ती वाचता येत नाही. म्हणून तिचा टाइप पत्त्याएवढा तरी ठेवावा.

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी एकदा फेरी मारावी. फळी बसली आहे का, पूर्वेचे फाटक उघडे राहणार का आणि किल्ली कोणाकडे आहे, लिफ्ट चालू आहे का, खोलीत कोणी सामान तर ठेवले नाही ना? काही बदलले असेल तर ज्यांनी आधी विचारणा केली होती त्यांना त्याच रात्री फोन करावा. लिफ्ट बिघडल्याचे घरी कळले तर माणूस बेत बदलू शकतो. कार्यालयाच्या दारात कळले तर त्याच्याकडे परत फिरण्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही.